मंगळ कुठे बघतो

अच्छन, म्हणजे माझे वडील, शूलपाणि वारियर, वृश्चिक महिन्यात शततारका नक्षत्रावर जन्मले. ते गेल्यावरही अम्मा त्यांचा वाढदिवस पाळायची. पहाटे आंघोळ, देवळात त्यांच्या नावानं एक दिवा, दुपारी पायसम, आणि जेवण आटोपलं की अच्छनची पत्रिका.

पत्रिका ताडपत्रावरची होती. अच्छन जन्मले तेव्हा आमच्या भागात कागदावर पत्रिका मांडणं हलकं समजत. लोखंडी लेखणीनं कोरलेली पानं, दोन लाकडी फळ्यांमध्ये दोरीनं बांधलेली. अम्मा ओसरीवर चटई टाकून बसायची, गवती चहाच्या तेलात फडकं बुडवून एकेक पान पुसायची. तेल लागलं की कोरलेली अक्षरं काळीभोर उठून यायची. मग ती चष्मा लावायची आणि पहिल्या पानावरच्या चौकोनाकडे बघत बसायची. आमच्याकडे राशी कधी जागा सोडत नाहीत. मीन वरच्या डाव्या कोपऱ्यात, तिथून उजवीकडे मेष, वृषभ, मिथुन, आणि तशाच पुढे कडेकडेनं बारा घरं. ज्या घरात ‘ल’ कोरलेला, ते लग्न, म्हणजे पहिलं घर; मोजणी तिथून. अच्छनचा ‘ल’ उजव्या बाजूला, कर्केत.

अम्मानं हे शास्त्र तिच्या वडिलांकडून शिकून घेतलं होतं. ते गावच्या मुलांना शिकवत, आणि ही आत तांदूळ निवडता निवडता ऐके. पुढे त्यांनीच तिला बाहेर बोलावून बसवलं. पण तिनं कधी कुणाचं भविष्य सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “मला वाचता येतं. सांगणं ही वेगळी विद्या आहे, ती ज्योतिषी पणिक्करांना विचारा.”

वाचायची ती फक्त अच्छनची. दरवर्षी, पहिल्यापासून.

मी शाळेत गणित शिकवते. पहिली काही वर्षं मी तिची थट्टा करायचे. “अम्मा, तेच बारा खण, तेच नऊ ग्रह. गेल्या वर्षीपासून काही हललं का त्यात?”

“तुझा पाढा तरी कुठे हलतो,” ती म्हणायची. “तरी दरवर्षी शिकवतेसच ना?”

अच्छन गेले त्याच्या पुढच्या वाढदिवसाला तिनं फक्त मरण वाचलं. केतूची महादशा संपत आलेली, त्यात शनीची अंतर्दशा. केतू बाराव्या घरात. शनी आठव्याचा, म्हणजे मरणाच्या घराचा, मालक आणि आठव्यातच बसलेला, त्याच्याजवळ चंद्र, आणि चंद्र तर लग्नाचा मालक. “सगळं इथेच होतं,” असं म्हणून तिनं पानं बांधून ठेवली.

पुढच्या एका वर्षी ती दुसऱ्या घराशी थांबली. दुसरं घर वाणीचं. अच्छनच्या सिंहेत एकही ग्रह नाही, पण कुंभेतून शनी सातव्या दृष्टीनं तिथे बघतो आणि मकरेतून मंगळ आठव्या दृष्टीनं. “दोघे पहारेकरी दारात उभे,” अम्मा म्हणाली. “शब्द बाहेर पडणार कसा बिचारा? आणि मला आयुष्यभर वाटत राहिलं, हे माझ्यावर रुसलेत.” अच्छन खरंच दिवसाला मोजकं बोलायचे, आणि तेही ‘मीठ’ किंवा ‘छत्री’ अशा जातीचं.

आणखी एका वर्षी पाचवं घर. वृश्चिकेत रवी, बुध आणि गुरू. गुरू रवीच्या इतका जवळ की अस्तंगत. पाचवं घर मुलांचं आणि विद्येचं. लग्नानंतर बरीच वर्षं अम्माला मूल झालं नाही तेव्हा जो तो याच गुरूकडे बोट दाखवायचा. त्या वर्षी अम्मा मला म्हणाली, “अस्त झाला म्हणजे मेला नव्हे गं. सूर्याजवळ आहे म्हणून दिसत नाही, एवढंच. तुझे अच्छन देवळात बसून हार करायचे, आणि संस्कृत अडलं की कॉलेजची पोरं मागच्या दारानं यायची त्यांच्याकडे. कुणाला पत्ता होता? आणि तूही झालीसच की. उशिरा, पण झालीस.”

मग थट्टा करण्याऐवजी मी तिच्यासमोर बसून ऐकू लागले. एखाद्या माणसाबरोबर एवढा संसार करून, तो गेल्यावरही त्याला समजून घ्यायला दरवर्षी नव्यानं बसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. कधी लग्नापासून वाचायची, कधी चंद्रापासून. चंद्राला पहिलं घर धरलं की सगळी घरं सरकतात. गुरू पाचव्यातून दहाव्यात जातो, मंगळ सातव्यातून बाराव्यात. तोच माणूस, पण शेजारच्या अंगणातून बघितलेला.

एक घर मात्र ती घाईनं ओलांडायची. सातवं.

सातवं घर जोडीदाराचं. अच्छनच्या सातव्यात, मकरेत, मंगळ. आणि मकरेत मंगळ उच्चीचा, म्हणजे सगळ्यात बळकट. आमच्याकडे सातव्या किंवा आठव्या घरात मंगळ म्हटलं की समोरचा माणूस पत्रिका हातात घेतल्या घेतल्या खाली ठेवतो. नवऱ्याच्या सातव्यात असेल तर बायकोला धोका. अम्माच्या पत्रिकेत मंगळ नव्हता. तरी तिच्या वडिलांनी हे स्थळ पसंत केलं. कर्क लग्नाला मंगळ पाचव्याचा आणि दहाव्याचा मालक, म्हणजे हितकर्ताच. तो वाईट करणार नाही, असं ते म्हणाले. शास्त्रात तसं आहेही. पण अठराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या मुलीला सासरच्या बायकांनी काय सांगितलं असेल ते वेगळं.

हे सगळं आठवायचं कारण माझी मुलगी श्रीजा.

श्रीजा ओट्टपालमच्या बँकेत होती, आणि तिथेच हरिगोविंदन होता. दोघांचं जमलं. मुलगा आमच्यातलाच, वारियर, नदीपलीकडच्या गावचा. वडील लहानपणीच गेलेले, आईनं वाढवलेला. आम्हा सगळ्यांना आनंदच झाला. त्याची आई, तंकम, एकदा येऊन श्रीजाला बघून, तिच्या हातचं ताक पिऊन गेली. जाताना म्हणाली, “पत्रिका तेवढी पाठवा. रीत म्हणून.”

आठवड्यानं निरोप आला की जुळत नाही.

श्रीजाचं वृषभ लग्न, आठव्या घरात धनू, आणि त्यात मंगळ. एकटा मंगळ असता तरी एक वेळ चाललं असतं, पण त्याच्या शेजारी शनीही. बाईच्या पत्रिकेत आठवं घर म्हणजे तिचं सौभाग्य, नवऱ्याचं आयुष्य. आमच्याकडे दोन्ही पत्रिकांतलं पाप सारखं भरलं तरच जुळलं म्हणतात, आणि मुलाच्या पत्रिकेत पापग्रहांचं वजन फारच कमी, श्रीजाचा भार तोलेल असं काही नाही.

श्रीजा घरी आली ती सरळ आत गेली. संध्याकाळी मी तिला जेवायला उठवायला गेले तर म्हणाली, “आई, मी एका माणसाला मारणार आहे, असं लिहिलंय म्हणे माझ्यात. हरीला म्हटलं, आपण पळून जाऊन नोंदणी करू. तो म्हणतो, आईला टाकून नाही. आणि गंमत म्हणजे त्यानं ‘चल’ म्हटलं असतं तर मलाच तो आवडेनासा झाला असता.”

मी अम्माकडे गेले आणि सगळा राग तिच्यावर काढला. “बघ तुझं शास्त्र. बघ काय करून ठेवलं.”

अम्मा सुपारी कातरत होती, ती कातरत राहिली.

चार-सहा दिवसांत अच्छनचा वाढदिवस आला. त्या वर्षी पायसम कुणाला गोड लागलं नाही. जेवणं झाली, अम्मानं चटई टाकली, तेलाचं फडकं काढलं. मी ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते, श्रीजा पायरीवर पाठ करून.

“या वर्षी सातवं,” अम्मा म्हणाली.

मी खांबापासून सरळ झाले.

तिनं पहिलं पान पुसलं. मग तिनं बोट मकरेवर ठेवलं, डावीकडे खाली, आणि मनाशी मोजू लागली. “मंगळाच्या दृष्टी तीन. चौथी, सातवी, आठवी. मकरेपासून चौथं मेष, ते दहावं घर, कामाचं. आठवं सिंह, वाणीचं, ते झालं मागे वाचून. आणि सातवी...” तिचं बोट चौकोनाच्या मधल्या रिकाम्या जागेतून तिरकं वर गेलं आणि उजवीकडे कर्केवर थांबलं. ‘ल’वर.

ते बोट तिथून हलेना.

“अम्मा?” मी म्हटलं.

“वत्सला,” ती म्हणाली, “तुला ती आग आठवते?”

मला आठवत होती. मी नऊ-दहा वर्षांची असेन. ओणमसाठी अम्मा केळ्याचे काप तळत होती. चुलीवरच्या कढईत तेल पेटलं आणि तिच्या मुंडूच्या, कमरेच्या पांढऱ्या वस्त्राच्या, सोग्याला लागलं. मी अंगणात होते. किंकाळी ऐकली आणि आत धावले तेव्हा अच्छननी अम्माला घट्ट छातीशी धरलं होतं, दोन्ही हातांनी तिच्या कमरेखालचं पेटलेलं कापड चुरगाळत होते, आणि मग त्यांनी दोघांच्या अंगावर पाणी ओतलं. अम्माच्या पोटरीला भाजलं. अच्छनची छाती आणि उजवा हात कोपरापर्यंत सोलून निघाला. ते महिनाभर केळीच्या पानावर झोपले. पुढे आयुष्यभर त्या हातावरची कातडी चुण्या पडलेल्या रेशमासारखी दिसायची.

“ती शनीची महादशा होती,” अम्मा म्हणाली. “त्यात मंगळाची अंतर्दशा. शनी त्यांच्या सातव्याचा मालक, आठव्याचाही. आणि मंगळ सातव्यात. बायकोच्या जिवावरचा काळ म्हणून लग्नाच्या वेळीच कुणीतरी बोलून ठेवलेलं. मला ते ठाऊक होतं. वर्षभर मी रोज सकाळी उठून हातपाय हलवून बघायचे, आहेत का म्हणून. आणि मग आग लागली, आणि मी वाचले. मला वाटलं, मंगळ माझ्यासाठी आला होता, भगवतीनं त्याला परतवलं.”

तिनं चष्मा काढला.

“इतकी वर्षं मी तो बसलाय कुठे तेच बघत आले. बघतोय कुठे, ते बघितलंच नाही. बसलाय माझ्या घरात. पण त्याची नजर त्यांच्या अंगावर आहे गं. लग्न म्हणजे देह. समोरासमोर, पुरी नजर. तो माझ्यासाठी आलाच नव्हता.”

श्रीजा पायरीवरून वळून बघू लागली होती.

“मग अच्छन वाचले कसे?” मी विचारलं. विचारताना लक्षात आलं की मी खरंच विचारत होते.

“गुरू,” अम्मा म्हणाली, आणि बोट खाली वृश्चिकेवर नेलं. “पाचवी, सातवी, नववी. वृश्चिकेपासून नववं कर्क. हा अस्त झालेला, कुणाला न दिसणारा गुरूही तिथेच बघतोय. एकाच देहावर दोघांची नजर.” मग ती थांबली. पुढचं बोलली ते पत्रिकेकडे न बघता. “त्यांना सगळं माहीत होतं वत्सला.”

“काय माहीत होतं?”

“त्या वर्षी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायचे. आठवतं तुला? हाराची फुलं घेऊन. आधी कधी त्या बाजूला न फिरकणारा माणूस. मी वैतागायचे. म्हणायचे, पुरुष माणसानं उंबरा अडवून काय बसायचं, येता-जाता पाय लागतो. तर म्हणायचे, ‘इथे वारा येतो.’ आपल्या स्वयंपाकघरात कधी वारा आलाय? आणि उंबऱ्याशी पाण्यानं भरलेलं ते मोठं पितळी पातेलं. मी दोनदा उचलून मोरीत नेऊन ठेवलं, दोनदा यांनी परत आणून ठेवलं. मला वाटलं, फुलांवर शिंपडायला.”

श्रीजा उठून अम्मापाशी येऊन बसली. तिनं त्या पानावर, जिथे ‘ल’ कोरला होता, तिथे आपलं बोट ठेवलं.

“अम्मम्मा,” ती म्हणाली, “माझा मंगळ कुठे बघतो?”

अम्मानं श्रीजाची पत्रिका मागवली. ती कागदावरची, वहीत चिकटवलेली. दोन्ही शेजारी ठेवून ती बराच वेळ वाचत होती आणि मी प्रथमच तिला दुसऱ्या कुणाची पत्रिका वाचताना बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पांढरी स्वच्छ मुंडू नेसून, छत्री घेऊन तयार होती. मला म्हणाली, “आज शाळेला सुट्टी टाक. पणिक्करांकडे जायचंय.”

अच्युत पणिक्करांनीच तंकमला ‘जुळत नाही’ म्हणून सांगितलं होतं. वयानं अम्माच्या बरोबरीचे, पिढीजात ज्योतिषी, आणि गावात त्यांच्याबद्दल कुणी वावगं बोलत नाही. आम्हाला बघून ते उठून उभे राहिले. वारियर घरच्या बाईला वारस्यार म्हणतात, तेही अम्माला तसंच म्हणत.

“वारस्यार, भांडायला आलात ना? बसा आधी. पाणी प्या, मग भांडा.”

“भांडायला नाही आले. तुमची मोजणी बरोबर आहे,” अम्मा म्हणाली. “मी रात्री तीनही ठिकाणांहून मोजली. लग्नापासून, चंद्रापासून, शुक्रापासून. पोरीचं पाप जड आहे, मुलाचं हलकं. मी तुमच्या जागी असते तर हेच सांगितलं असतं.”

पणिक्कर जरा बुचकळ्यात पडले. “मग?”

“आठव्यातल्या मंगळ-शनीच्या समोर कोण बसलंय, ते तंकमला सांगितलंत का?”

“दुसऱ्या घरात, मिथुनेत गुरू,” पणिक्कर लगेच म्हणाले. त्यांना पत्रिका तोंडपाठ होती. “पूर्ण दृष्टी. आणि धनू ही गुरूचीच रास. मालक आपल्या घराकडे टक लावून बघतोय, घरात दोन दांडगे पाहुणे बसलेत. सांगितलं मी. शप्पथ सांगितलं. गुरूची दृष्टी पडली की पापाची धार बोथटते, हेही सांगितलं. पण ती बाई ‘आठव्यात’ एवढंच ऐकून उठली. पुढचं तिच्या कानात गेलंच नाही.”

“का?”

“तिचा नवरा लग्नानंतर पाच-सहा वर्षांत गेला. तापानं. आणि त्यांची पत्रिका माझ्याच वडिलांनी जुळवलेली, इतकी सुरेख की वडील इतरांना उदाहरण म्हणून दाखवायचे.” पणिक्करांनी अंगणात बघितलं. “तिला मी काय सांगू, वारस्यार? मी घरं सांगू शकतो, ग्रह सांगू शकतो. भीती काढणं माझ्या पोथीत नाही. तुम्ही जाऊन बघा. माझं नाव घ्या हवं तर. म्हणावं, गुरूच्या जोरावर हे लग्न करायला माझी हरकत नाही. पण जुळतं असं मी म्हणणार नाही.”

“म्हणूही नका,” अम्मा म्हणाली. “उद्या माझ्या पोरीच्या घरात कुणाला ठेच लागली तर तुमच्यावर का?”

पणिक्कर हसले. आम्हाला पोचवायला ते फाटकापर्यंत आले आणि मला हळूच म्हणाले, “तुमच्या आईनं धंदा केला असता तर माझी चूल पेटली नसती.”

तंकमचं घर नदीपलीकडे. दुपार झाली होती. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. आम्हाला बघून तिचा चेहरा आधीच कसनुसा झाला.

“अम्मा, तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हात? मला खरंच वाईट वाटतंय. मुलगी लाखात एक आहे. पण माझा एकुलता एक आहे हो.”

“माहीत आहे,” अम्मा म्हणाली. “मी त्याबद्दल बोलायला आले नाही. माझ्या नवऱ्याची पत्रिका आणलीय. दाखवू?”

तंकमनं आम्हाला आत बसवलं, मुरुक्कू, म्हणजे आमच्या तांदळाच्या चकल्या, आणून ठेवले. अम्मानं दोरी सोडली.

“हे बघ. मला वयाच्या अठराव्या वर्षी या घरात दिली. हा सातव्यात मंगळ. माझ्यात नव्हता. सगळे म्हणत होते मी आधी जाणार. आज बघ, ते गेले आणि मी तुझे मुरुक्कू खातेय.”

तंकम किंचित हसली, मग लगेच गंभीर झाली. “म्हणजे तुम्ही म्हणताय हे सगळं खोटं?”

“खोटं असतं तर मी दरवर्षी पुसत बसले असते का? मी म्हणतेय, मी चुकीच्या घराला घाबरत बसले.” आणि मग अम्मानं आग सांगितली. पातेलं सांगितलं. ‘इथे वारा येतो’ सांगितलं. मी काल ऐकलं होतं तरी पुन्हा ऐकताना मी हातातला मुरुक्कू तसाच खाली ठेवला. अम्माचा आवाज मात्र साधा होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा.

“भीती त्यांनाही होती,” अम्मा म्हणाली. “माझ्यापेक्षा जास्तच असेल. पण मी भीती घेऊन देवासमोर बसले, आणि ते घेऊन उंबऱ्यात बसले.”

तंकमनं पान जवळ ओढलं. “मला पत्रिका वाचता येत नाही,” ती म्हणाली. “कुठे बघतोय तो?”

अम्मानं तिचं बोट धरून मकरेवर ठेवलं आणि तिरकं कर्केपर्यंत नेलं.

मग तंकम एकदम बोलू लागली. “माझ्यात काहीच नव्हतं हो. ना सातव्यात, ना आठव्यात. सगळं जुळलेलं. ते गेले तेव्हा सासूबाईंनी माझी पत्रिका परत मागवली, तीन ठिकाणी दाखवली, कुठेतरी काहीतरी सापडेलच म्हणून. नाही सापडलं तरी म्हणाल्या, लपवलंय. हरी तेव्हा पाळण्यात होता. जुळलेलं असून माझं असं झालं. मग न जुळलेलं मी कुठल्या हिमतीनं घरात घेऊ?”

अम्मानं तंकमच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच बसली.

काही वेळानं तंकमनं डोळे पुसले. “श्रीजाचं सांगा. खरं सांगा, गोड करून नको.”

“आठव्यात मंगळ आहे, शनी आहे. हलकं आहे असं मी म्हणणार नाही. समोर गुरू बसलाय, आणि ते घर त्याचंच आहे, तो तिथून नजर काढत नाही. पणिक्करांनी हेच सांगितलं होतं तुला.”

“त्याचा अर्थ काय?”

“अर्थ इतकाच की संकट आलं तर पोरगी पाठ फिरवून पळणार नाही. त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहील. तिला मी लहानपणापासून बघतेय, हे मला पत्रिकेशिवायही ठाऊक आहे. तुझा मुलगा शंभर वर्षं जगेल का, ते मला माहीत नाही. जो कुणी ‘माहीत आहे’ म्हणेल, त्याच्या दारात परत जाऊ नकोस.”

आम्ही निघालो तेव्हा तंकम ‘हो’ही म्हणाली नाही आणि ‘नाही’ही. फाटकाशी उभी राहून आम्ही पुलाकडे वळेपर्यंत बघत होती. होडीच्या दिवसांपासून नदीवरचा वारा मला आवडतो, पण त्या दिवशी मी नुसती अम्माकडे बघत चालले. एवढ्या उन्हात, बहात्तराव्या वर्षी, कुणाचं मन वळवायचं म्हणून नव्हे, तर काल कळलेलं खरं आज कुणाच्या तरी कामी यावं म्हणून ती निघाली होती. पत्रिका तिनं छातीशी धरली होती आणि छत्री माझ्या डोक्यावर.

“अम्मा, ती नाहीच म्हणाली तर?”

“तर नाही म्हणाली. तिचं दुःख तिचं आहे. मी काय हिसकावून घेऊ?”

पंधरा दिवस काही निरोप नाही. श्रीजा बँकेत जायची, यायची. हरीबद्दल विचारलं तर म्हणायची, “समोरच्या काउंटरवर असतो. दोघं नोटा मोजतो.” एवढंच. मला वाटलं, संपलं.

धनू महिना लागला त्या आठवड्यात, एका सकाळी तंकम स्वतः आली. एकटी. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. अम्मा अंगणात तुळशीला पाणी घालत होती.

“अम्मा,” तंकम म्हणाली, “पुढच्या महिन्यात मुहूर्त काढायला पणिक्करांना सांगितलंय. तुमची हरकत नसेल तर.”

अम्मानं तांब्या खाली ठेवला. “माझी हरकत? आत ये. श्रीजा, बाहेर ये गं, सासू आलीय.”

श्रीजा बाहेर आली, केसांना अर्धवट तेल लावलेलं, आणि दोघी एकमेकींकडे बघून एकदम लाजल्या. मी चहा टाकायला आत गेले कारण मला रडायचं होतं.

चहा घेऊन आले तेव्हा तंकमनं कापड सोडलं होतं. आत ताडपत्राची पत्रिका, फळ्यांवर धूळ, दोरी कडक झालेली.

“ही हरीच्या वडिलांची,” ती म्हणाली. “ते गेले त्या दिवशी बांधून माळ्यावर टाकली, ती काल काढली. तुम्ही वाचाल?”

अम्मानं दोरी हळूहळू सोडली, पहिलं पान पुसलं. अक्षरं वर आली. तिनं एक नजर टाकली आणि पान तंकमच्या मांडीवर ठेवलं.

“मी नाही वाचणार. मी त्यांना ओळखत नव्हते. तू ओळखत होतीस. मी घरं दाखवते, तू वाच.”

“मला काय येणार?”

“‘ल’ कुठे आहे? शोध.”

तंकमला ‘ल’ सापडला. तिथून अम्मानं तिला मोजायला शिकवलं. पहिलं घर देह, दुसरं वाणी, तिसरं भावंडं. सकाळभर त्या दोघी ओसरीवर बसल्या होत्या. श्रीजा बँकेत उशिरा गेली. मरणाच्या घराकडे अम्मानं तिला त्या दिवशी नेलंच नाही. म्हणाली, तिथे जायला पुष्कळ वर्षं पडलीत.

“दुसऱ्यात काय आहे?” अम्मानं विचारलं.

तंकमनं चष्मा कपाळावर चढवून पान डोळ्यांजवळ नेलं. “‘बु’. बुध?”

“बुध. वाणीच्या घरात. सांग बरं आता, माणूस कसा होता.”

तंकमनं पान मांडीवर ठेवलं. मग तिला हसू फुटलं, आधी बारीक, मग आवरेनासं झालं, पदर तोंडाशी धरून ती हसत राहिली.

“अहो, किती बोलायचे,” ती म्हणाली. “झोपेतसुद्धा बोलायचे. मी पांघरूण घालायचे तर त्याच्यावरही बोलायचे.”